मोबाईलच्या फोटोंतून मातीचा बैल: स्कॅन, सफाई आणि प्रिंट

पोळ्याला किंवा बेंदराला पूजेत ठेवलेला कच्च्या मातीचा बैल सहसा फार टिकत नाही. शिंग मोडतं, पाय निखळतो, पाणी लागलं तर तो विरघळतोच. घरात असा एखादा जुना, हाताने घडवलेला बैल उरला असेल तर मोबाईलने त्याचे फोटो काढून त्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करता येते आणि साध्या थ्रीडी प्रिंटरवर ती छापताही येते. या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात. इथे एकच उदाहरण घेऊ: गेरूने रंगवलेला, नाकापासून मागच्या कुल्ल्यापर्यंत 112 मिलिमीटर लांब आणि वशिंडाशी 84 मिलिमीटर उंच असा बैल. वस्तू छोटी आहे, पण स्कॅनिंगमधल्या बहुतेक अडचणी तिच्यात आहेत: बारीक शिंगं, शिंगाला लागून असलेले कान, पायांमधली अंधारी जागा आणि खाली अंथरलेल्या कागदाला चिकटल्यासारखे दिसणारे खूर.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. स्कॅन तयार झाला की पडद्यावर रंगीत बैल दिसतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. तो रंग म्हणजे आकारावर चिकटवलेले तुमचेच फोटो असतात, आणि ते खालच्या आकारातले खड्डे सहज झाकून टाकतात. प्रिंटरला रंगाशी काही देणंघेणं नसतं. त्याला लागतं ते त्रिकोणांच्या जाळीचं, म्हणजे मेशचं, एक बंद आवरण: कुठेही भोक नाही, आत दुसरा पापुद्रा नाही आणि माप बरोबर. म्हणून स्कॅन तपासताना पहिल्यांदा रंग बंद करा आणि करड्या रंगातला नुसता आकार बघा. चांगला की वाईट, हे तेव्हाच कळतं.

फोटो काढताना

सॉफ्टवेअर काय करतं ते समजलं की फोटो कसे काढायचे हे वेगळं पाठ करावं लागत नाही. ते प्रत्येक फोटोत हजारो ओळखू येणारे ठिपके शोधतं: मातीतला खडा, बोटाचा ठसा, गेरूचा डाग. तोच ठिपका अनेक फोटोंत सापडला की कॅमेरा कुठे कुठे होता आणि तो ठिपका अवकाशात कुठे आहे, हे गणिताने काढतं. यातून दोन गोष्टी निघतात. वस्तूच्या पृष्ठभागावर ओळखण्याजोगं काहीतरी असावं लागतं, आणि ते कॅमेरा हलला तरी तसंच दिसावं लागतं. आपला बैल दोन्हीत उतरतो. पितळेचा नंदी उतरत नाही, कारण त्याच्यावरची चमक तुमच्याबरोबर सरकते आणि सॉफ्टवेअर त्या चमकेलाच ठिपका समजतं. काचेचं तर नावच नको. चमकदार धातूवर टाल्कम पावडरचा पातळ, किंचित असमान थर बसवून चमक मारता येते आणि नंतर तो पुसून टाकता येतो. कच्च्या मातीवर मात्र काहीही फवारू नका आणि ओला कपडा तर अजिबात लावू नका.

प्रकाश पसरलेला हवा. ढगाळ दिवशी व्हरांड्यात किंवा अंगणातल्या मोकळ्या सावलीत तो आपसूक मिळतो. फ्लॅश बंदच ठेवा, कारण तो कॅमेऱ्याबरोबर फिरतो आणि प्रत्येक फोटोत सावल्या वेगळ्या पडतात.

एका स्टुलावर वर्तमानपत्र पसरा आणि त्यावर मूठभर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा. ठोकळ्यालाही वर्तमानपत्र गुंडाळा आणि त्यावर बैल उभा करा. छापील मजकुरामुळे सॉफ्टवेअरला भरपूर ठिपके मिळतात आणि ठोकळ्यामुळे पोटाखालून फोटो घेता येतात. आता बैल हलवायचा नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं. बरेच जण उलट करतात: मोबाईल तिकाटण्यावर आणि बैल फिरत्या पाटावर. ती पद्धत वाईट नाही, पण तिच्यात एक फसगत आहे. मागची भिंत किंवा पडदा फोटोत आला तर तो सगळ्या फोटोंत जागच्या जागी दिसतो आणि सॉफ्टवेअर ठरवतं की कॅमेरा हललाच नाही. मग स्कॅन एकतर कोसळतो, नाहीतर एकमेकांत घुसलेले दोन बैल तयार होतात. पाट फिरवायचाच असेल तर मागे नुसता काळा, सुरकुती नसलेला कपडा हवा आणि पाटावरचा छापील कागद पाटाबरोबर फिरायला हवा.

मोबाईलमध्ये मुख्य कॅमेरा, म्हणजे 1x, वापरा. अल्ट्रावाइड, पोर्ट्रेट मोड आणि झूम तिन्ही टाळा. काही फोन वस्तूजवळ नेले की परस्पर मॅक्रोसाठी दुसऱ्या भिंगावर जातात. तशी सोय बंद करा किंवा थोडं मागे सरका. 25 ते 30 सेंटिमीटर अंतरावरून हा बैल चौकटीत पुरेसा मोठा येतो आणि कडाही स्पष्ट येतात. पडद्यावर बैलावर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि प्रकाश कुलूपबंद होतात. ते करा, म्हणजे प्रत्येक फोटोत उजेड सारखा राहील. मात्र प्रत्येक फेरीनंतर अंतर बदललं तर फोकस पुन्हा लावा.

तीन फेऱ्या पुरतात. पहिली बैलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, दुसरी साधारण 45 अंशांवरून खाली बघत आणि तिसरी ठोकळ्याच्याही खालून, पोटाकडे वर बघत. प्रत्येक फेरीत तीसच्या आसपास फोटो, म्हणजे दर बारा अंशांना एक. शेजारच्या दोन फोटोंत निदान दोन तृतीयांश भाग समान यायला हवा, हा त्यामागचा हिशेब. त्यानंतर शिंगं, कान आणि तोंडासाठी जवळून वीसेक फोटो वेगळे घ्या, पण एकदम उडी मारून जवळ जाऊ नका. आधीच्या फोटोतला भाग ओळखीचा राहील इतकंच हळूहळू पुढे सरका. एकूण शंभर-सव्वाशे फोटो होतात. बैल उलटा करून खुरांचे तळ टिपायची गरज नाही. तळ सपाटच असतात आणि ते नंतर संगणकावर एका कापात मिळतात. उलटा करण्यात बैल मोडण्याचा धोका आहे, शिवाय कागद एकीकडे आणि बैल दुसरीकडे असे दोन संच जुळवायची नवी डोकेदुखी मागे लागते.

फोटो झाले की कॅलिपरने दोन मापं घ्या आणि लिहून ठेवा. नाकाच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी हे एक, आणि खुरांच्या तळापासून वशिंडाच्या माथ्यापर्यंतची उंची हे दुसरं. फोटोंवरून आकार कळतो, पण खरं माप कळत नाही. बोटाएवढा बैल आणि हत्तीएवढा बैल फोटोंच्या दृष्टीने सारखेच.

फोटो संगणकावर न्यायला केबल वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जातात आणि भिंगाची माहितीही पुसली जाते. सॉफ्टवेअरला ती माहिती हवी असते. त्याच कारणाने फोटो कापू नका आणि त्यांवर फिल्टर लावू नका. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅटखाली `Most Compatible` निवडून फोटो काढा, म्हणजे ते जेपेग स्वरूपात येतील.

फोटोंतून मेश

मेशरूम हे विनामूल्य आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर या कामासाठी चांगलं आहे. सगळे फोटो डावीकडच्या चौकटीत टाका, प्रकल्प रिकाम्या आणि मोठ्या डिस्कवर साठवा, कारण ते कित्येक गिगाबाइट जागा खातं, आणि `Start` दाबा. खोली मोजण्याच्या टप्प्यासाठी त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड लागतं. ते नसेल तर पॉलिकॅम, किरी इंजिन किंवा रिअ‍ॅलिटीस्कॅनसारखी मोबाईल अ‍ॅप्स फोटो आपल्या सर्व्हरवर नेऊन मेश परत देतात. पुढची सफाई दोन्हीकडे सारखीच. आयफोन प्रोमधला लायडार मात्र या कामाचा नाही. तो घरातली खोली मोजायला चांगला, वीतभर बैलाच्या शिंगापुढे फारच ठोकळ.

मेशरूमचा पहिला टप्पा कॅमेऱ्यांच्या जागा शोधण्याचा. तो ग्राफिक कार्डाशिवायही चालतो. तो संपल्यावर प्रत्येक फोटोवर कॅमेऱ्याची छोटी खूण येते: हिरवी असेल तर जागा सापडली, लाल असेल तर नाही. चार-दोन लाल असतील तर सोडून द्या. ओळीने सात-आठ लाल दिसले तर त्या बाजूचे फोटो विरळ आहेत किंवा हललेले आहेत. म्हणून हा टप्पा पार पडेपर्यंत स्टूल हलवू नका आणि बैल उचलू नका. त्याच जागी, त्याच उजेडात दहा फोटो आणखी काढले की काम भागतं. एकदा पसारा आवरला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

ब्लेंडरमधली सफाई

तयार मेश, उदाहरणार्थ `texturedMesh.obj`, ब्लेंडरमध्ये उघडली की बैल तिरपा, भलत्याच मापाचा आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर चिकटलेला दिसतो. आजूबाजूला हवेत तरंगणारे कपटेही असतात. कामांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढचे सगळे आकडे मिलिमीटरमध्ये असायला हवेत.

आधी बैल फिरवून ठोकळ्यावरचा कागद आडव्या पातळीत आणा. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. मग डावीकडचं मोजण्याचं हत्यार घेऊन नाक ते मागचं टोक मोजा. समजा 1.87 आलं. खरी लांबी 112, म्हणून 112 भागिले 1.87, म्हणजे 59.89 पट मोठं करायचं. `S` दाबा, `59.89` टाईप करा, एंटर. लगेच `Ctrl+A` दाबून `Scale` निवडा, नाहीतर ब्लेंडर आतून जुनंच माप धरून बसतं. आता उंची मोजा. मूळ मेशमध्ये ती 1.40 होती, ती आता 83.8 दिसेल. खरी 84. म्हणजे स्कॅन वाकडा नाही. दोन मापांत मिलिमीटर-दीड मिलिमीटरहून जास्त फरक आला तर एकतर मोजण्यात चूक आहे किंवा स्कॅन ताणला गेला आहे. अशा वेळी पुढे न जाता कॅमेऱ्यांच्या खुणा पुन्हा बघा. ब्लेंडर या आकड्यांपुढे `m` लिहितं, तिकडे दुर्लक्ष करा. आपण एक एकक म्हणजे एक मिलिमीटर धरून चाललो आहोत आणि प्रिंटिंगची सॉफ्टवेअरही तसंच धरतात.

तरंगणारे कपटे घालवायला एडिट मोडमध्ये बैलावर माऊस नेऊन `L` दाबा. बैलाशी जोडलेलं सगळं निवडलं जातं. `Ctrl+I` ने निवड उलटी करा आणि उरलेलं पुसून टाका.

आता खूर आणि कागद वेगळे करायचे. खुराची कड आणि कागद जिथे भेटतात तिथे मेश नेहमी चिखल झाल्यासारखी असते. तो भाग दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. `A` ने सगळं निवडा, `Mesh` मेनूतून `Bisect` घ्या, कागदाच्या सुमारे एक मिलिमीटर वरून आडवी रेघ ओढा आणि खाली डावीकडे उघडणाऱ्या चौकटीत `Fill` आणि दोन `Clear` पर्यायांपैकी कागद ज्याने जातो तो निवडा. रेघ थोडी तिरपी गेली तर तिथेच `Plane Normal` मध्ये 0, 0, 1 भरा, म्हणजे काप अगदी आडवा होतो. चारही खुरांना सपाट तळ मिळतात आणि बैल टेबलावर न डुगडुगता उभा राहतो. एक मिलिमीटर उंची गेली, ती खटकत असेल तर तळाचे चार चेहरे निवडून तेवढेच खाली ओढा.

भोकं शोधायला एडिट मोडमध्ये कडा निवडण्याच्या स्थितीत `Select`, मग `All by Trait`, मग `Non Manifold`. जिथे आवरण उघडं आहे तिथल्या कडा उजळतात. आपल्या बैलात त्या बहुधा पोटाखाली, पुढच्या पायांच्या बेचक्यात आणि शेपटीमागे असतील. छोटी भोकं `Mesh`, `Clean Up`, `Fill Holes` ने एका फटक्यात बुजतात. पोटाखालचं भोक मोठं असेल तर त्याची कड निवडून `Alt+F` ने भरा आणि पुढे रीमेश झाल्यावर स्कल्प्ट मोडमध्ये `Smooth` ब्रशने आजूबाजूच्या गोलाईत मिसळून टाका. तिथे काही खरं तपशीलवार काम होतं आणि फोटोत आलंच नाही, असं असेल तर भरलेली जागा ही आपली कल्पना असते, हे मात्र लक्षात असू द्या.

शिंग आणि कान यांच्या मध्ये बहुतेक वेळा एक पातळ पडदा तयार झालेला असतो. दोघांमधली फट कमी फोटोंत दिसली की सॉफ्टवेअर ती सरळ भरून टाकतं. पडद्याचे त्रिकोण निवडून पुसा, मग शिंगाच्या आणि कानाच्या बाजूला राहिलेली उघडी कड वेगवेगळी भरा. हे हळू करायचं काम आहे आणि सगळ्या सफाईत सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. बैलाची ओळख शिंगांत असते. फटीतून पलीकडचं दिसू लागलं की तोंडाला जिवंतपणा येतो.

सगळी मोठी भोकं बंद झाल्यावरच रीमेश करा. उजवीकडच्या हिरव्या त्रिकोणाच्या पानावर `Remesh` खाली `Voxel` निवडा, `Voxel Size` 0.4 द्या आणि `Voxel Remesh` दाबा. स्कॅनमधले लाखो वेडेवाकडे त्रिकोण जाऊन सारख्या आकाराचे लाख-दीड लाख चौकोन येतात, एकमेकांत घुसलेले भाग विलीन होतात आणि आवरण बंद होतं. 0.4 यासाठी की साध्या प्रिंटरच्या नॉझलचं भोकच 0.4 मिलिमीटरचं असतं. त्याहून बारीक तपशील कागदावर चांगला, छपाईत उतरत नाही. हेच हत्यार मोठं भोक शिल्लक असताना चालवलं तर ते त्या भोकातून आत वळतं आणि बाहेरचं एक, आतलं एक अशी पातळ दुहेरी कवची तयार करतं. बाहेरून ती अगदी नीट दिसते, म्हणूनच घातक.

आता उरतो पृष्ठभागावरचा खडबडीतपणा. पूर्ण बैलावर एकदम स्मूद चालवण्याचा मोह होतो, तो आवरा. त्याने घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे पुसले जातात आणि शिंगं आणखी बारीक होतात. खडबडीतपणा खरा की स्कॅनमधला, हे ओळखायची एक साधी रीत आहे: उजेडात आलेल्या पाठीवर आणि अंधाऱ्या पोटाखाली पोत सारखाच असायला हवा. पोटाखाली तो एकदम फोड आल्यासारखा झाला असेल तर तो स्कॅनचा दोष. ब्रश तिथेच फिरवा. शिंगांवर मात्र `Inflate` ब्रशने बुडाशी जाडी वाढवा. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक शिंग प्लॅस्टिकमध्ये छापलं तर ते आधार काढतानाच मोडतं. हा मूळ आकारातला बदल आहे, पण प्रिंटसाठीच्या प्रतीत तो करावाच. न बदललेली प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा.

शेवटी `Face Orientation` चा थर चालू करून बघा. बाहेरून सगळा बैल निळा दिसायला हवा. लाल डाग असेल तर तिथला पृष्ठभाग उलटा झाला आहे. एडिट मोडमध्ये सगळं निवडून `Shift+N` दाबलं की सरळ होतो. मग एसटीएल म्हणून निर्यात करा, `Scale` 1 ठेवून.

छापण्याआधी

एसटीएल फाईलमध्ये एककं नसतात. म्हणून स्लायसरमध्ये उघडल्यावर पहिल्यांदा आकार वाचा: लांबी 112 मिलिमीटर दिसायला हवी. मग स्लाइस करून थरांची पट्टी खालपासून वरपर्यंत सावकाश सरकवा. प्रत्येक थरात बाहेरची भिंत आणि आत भरणीची जाळी एवढंच असावं. पोटात आणखी एक भिंत दिसली तर ती वर सांगितलेली दुहेरी कवची. ब्लेंडरमध्ये परत जा, भोक शोधा, रीमेश पुन्हा करा. स्लायसरची आपोआप दुरुस्ती ती झाकून टाकते, घालवत नाही.

बैल उभा छापला तर पोटाखाली आधारांचं जंगल उभं राहतं आणि पाय आडव्या थरांचे बनतात, जे वाकवले की थरावरच तुटतात. मी हा बैल कण्यातून उभा चिरून दोन अर्धे छापायचा सल्ला देईन. प्रुसास्लायसर आणि बांबू स्टुडिओ दोन्हींत `Cut` हत्यार आहे. चिरलेली सपाट बाजू खाली ठेवली की पोटाखालच्या आधारांची गरज संपते आणि पायांत थर लांबीने धावतात. पायांची आतली बाजू सपाट पातळीपासून थोडी वर राहते, तेवढ्यापुरता आधार लागतोच, पण तो सहज निघतो. शिंगं या स्थितीत वर उभी येतात आणि कमकुवत राहतात. म्हणून त्यांचं बूड आधीच जाड केलं होतं. 0.2 मिलिमीटरचा थर, तीन भिंती आणि 15 टक्के भरणी पुरते. पीएलएचे दोन अर्धे सुपरग्लूने चिकटतात, सांध्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून गेरूचा हात दिला की रेघ जवळपास दिसेनाशी होते.

मूळ बैल कोणा कुंभाराने घडवलेला असेल आणि तो हयात असेल, तर प्रती विकण्याआधी त्याला विचारा. आणि काम झाल्यावर मेश ठेवून फोटो पुसू नका. सगळे मूळ फोटो आणि लिहून ठेवलेली दोन मापं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मेश बिघडली किंवा पुढे चांगलं सॉफ्टवेअर आलं तर या फोटोंतून ती पुन्हा बनवता येईल. मातीचा बैल तोवर टिकेल याची खात्री नाही.